बदलीमुळे किशोरी संघ सोडताना राजीनामा कसा लिहावा?

प्रश्न: मी ऐरोलीतल्या एका क्रीडा मंडळाच्या किशोरी कबड्डी संघाची सहा वर्षं प्रशिक्षक आहे. बँकेने नाशिकला बदली केली, १ डिसेंबरला तिथे हजर व्हायचंय. राजीनामा लिहायला बसले तर दोन पानं झाली. त्यात मी लिहिलंय की जिल्हा निवड चाचणी झाली की थांबेन, आणि नंतरही शनिवार-रविवारी येत जाईन. मॅटवरून समितीशी झालेला वादही लिहिलाय. मुलींना अजून काही सांगितलेलं नाही. पत्रात नेमकं काय ठेवू, काय काढू?

उत्तर:

मॅटचा वाद काढा, शनिवार-रविवारचं आश्वासन काढा आणि निवड चाचणीच्या जागी तारीख घाला. एवढं केलंत की पत्र आपोआप एका पानावर येईल. मी आधी प्रशिक्षक होतो, आता बरीच वर्षं ठाण्यातल्या एका मंडळाचं सरचिटणीसपद सांभाळतोय, त्यामुळे असे राजीनामे दिलेतही आणि घेतलेतही. टेबलाच्या या बाजूने पाहिलं की पत्रातलं कोणतं वाक्य पुढे डोकेदुखी ठरणार, ते लगेच दिसतं.

तुमच्या पत्रात ते वाक्य निवड चाचणीचं आहे. जिल्ह्याची चाचणी कधी जाहीर होईल आणि जाहीर झालेली तारीख टिकेल का, हे तुमच्या हातात नाही, मंडळाच्याही नाही. मैदान मिळालं नाही, परीक्षा आल्या, पाऊस लांबला, की तारीख सरकते. चाचणी १० डिसेंबरला गेली तर तुम्ही नाशिकच्या शाखेत काउंटरवर असाल आणि कागदोपत्री इथल्या प्रशिक्षकही असाल. त्या दिवशी मैदानावर मुलींची जबाबदारी कोणाची? समिती म्हणेल मॅडमची, मॅडम म्हणतील मी तर नाशिकला आहे, आणि सहायक बिचारी कुठल्याच कागदावर सही करू शकणार नाही. म्हणून राजीनामा स्पर्धेला बांधायचा नाही, कॅलेंडरला बांधायचा.

त्यातही तारखा दोन लिहा. एक शेवटच्या सरावाची आणि दुसरी राजीनामा अमलात येण्याची. दोन्हींच्या मध्ये आठवडाभराचं अंतर ठेवा. १ तारखेला हजर व्हायचंय म्हणजे २२ नोव्हेंबरला शेवटचा सराव आणि ३० नोव्हेंबरला पद सोडणं, असं बसतं. मधला आठवडा ताबा देण्यासाठी. जे लोक शेवटच्या सरावाच्या दिवशीच पद सोडतात त्यांच्याकडे निम्म्या वस्तू आणि निम्मे हिशेब राहून जातात. मग दोन महिन्यांनी फोन सुरू होतात, की मॅडम, जर्सीची दुसरी पिशवी कुठे आहे.

शनिवार-रविवारी येण्याबद्दल. हे आश्वासन मनापासून दिलं जातं, म्हणूनच ते जास्त अडचणीचं. नाशिक ते ऐरोली म्हणजे कसारा घाट उतरून दीडशे किलोमीटरच्या आसपास, जायला तीन-चार तास आणि परत तेवढेच. पहिल्या महिन्यात तुम्ही याल. मग शाखेचं क्लोजिंग येईल, घर लावायचं राहिलेलं असेल, मुलांच्या शाळेचं काही निघेल. तोवर नवीन प्रशिक्षकाने आठवड्याचे पाच दिवस एक पद्धत बसवलेली असते आणि शनिवारी तुम्ही आलात की मुली तुमच्याकडे बघायला लागतात. कोपऱ्यातली मुलगी घोटा पकडायला कधी झेपावेल, हे दोन माणसांनी दोन तऱ्हेने सांगितलं की ती ऐन वेळी थबकते, आणि कबड्डीत थबकलं की गुण गेला. मदत करायचीच असेल तर ती फोनवर, नवीन प्रशिक्षकाला, ठरावीक तारखेपर्यंत. मुलींना परस्पर सूचना नाहीत.

मॅटच्या वादाबद्दल तुम्ही बरोबर असालही. पण राजीनामा कार्यकारिणीच्या सभेत वाचला जातो आणि इतिवृत्तात जातो. कारण बदलीचं आणि मजकूर भांडणाचा, असं झालं की आठ दिवसांत ऐरोली ते घणसोली एकच चर्चा होते की मॅडम भांडून गेल्या. मग दोन-तीन पालक मुलींना दुसऱ्या मंडळात न्यायचं बघतात, मंडळ ना-हरकत देताना ताणून धरतं, आणि मधल्या मधे मुलीचा हंगाम जातो. मॅट हवीच असेल तर वेगळं पत्र द्या, त्यात मुलींना सिमेंटवर सराव करून गुडघ्याला काय होतंय ते लिहा. त्याची तड वेगळी लागेल.

आता पत्रच लिहून देतो. रिकाम्या जागा तुम्ही भरा.

दिनांक: ५ नोव्हेंबर

प्रति,
मा. सरचिटणीस,
……… क्रीडा मंडळ, ऐरोली, नवी मुंबई

विषय: किशोरी संघाच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा

महोदय,
स. न. वि. वि.

नोकरीतील बदलीमुळे मी १ डिसेंबरपासून नाशिक येथे राहण्यास जात आहे. त्यामुळे मी किशोरी संघाच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा देत आहे. २२ नोव्हेंबर रोजी मी शेवटचा सराव घेईन. राजीनामा ३० नोव्हेंबरपासून अमलात आणावा, ही विनंती.

संघाची कागदपत्रे, साहित्य आणि माझ्याकडे जमा असलेली रक्कम यांची यादी सोबत जोडली आहे. २३ ते ३० नोव्हेंबर या काळात मी त्यांचा ताबा मंडळाने नेमलेल्या व्यक्तीकडे देईन. मुलींच्या प्रकृतीची आणि घरची माहिती या यादीत नाही. ती पालकांच्या संमतीने नवीन प्रशिक्षकांना समक्ष देईन.

२३ नोव्हेंबरपासून सरावाची जबाबदारी कोणाकडे राहील हे १५ नोव्हेंबरपर्यंत कळवावे, म्हणजे माझ्या शेवटच्या आठवड्यात त्या व्यक्तीला सरावात सोबत घेता येईल. सहायक प्रशिक्षक श्रीमती ……… यांना संघाची पूर्ण माहिती आहे, हे नियुक्ती करताना विचारात घ्यावे.

नवीन प्रशिक्षकांना ३१ डिसेंबरपर्यंत फोनवरून लागेल ती माहिती देईन. निवड चाचणीला उपस्थित राहणे मला शक्य होणार नाही.

माझ्या सहा वर्षांच्या कामाचे अनुभवपत्र मिळावे, ही विनंती.

पावसाळ्यात मैदान बंद असताना मंडळाने दरवर्षी शाळेचा हॉल मिळवून दिला, त्यामुळे मुलींचा सराव खंडित झाला नाही. त्याबद्दल मी मंडळाची आभारी आहे.

आपली,
(सही, नाव, फोन)
सोबत: ताबा यादी

हॉलचं वाक्य मी अंदाजाने घातलंय, तुमच्याकडे जे खरं घडलं असेल ते घाला. आभाराला एकच वाक्य आणि त्यात एकच खरी गोष्ट ठेवा. ‘मंडळाने मला कुटुंबासारखं प्रेम दिलं’ हे निरोप समारंभात माइकवर शोभतं.

१५ नोव्हेंबरची तारीख मुद्दाम घातली आहे. समितीला मुदत दिली नाही तर ‘बघू, मीटिंग लावू’ म्हणत महिना जातो. आणि सहायकाचं नाव सुचवताना भाषा जपून वापरा. ‘माझ्या जागी अमुक यांना नेमावे’ असं लिहिलंत की समितीतल्या कोणाला तरी ते खटकतं, कारण नेमणूक हा त्यांचा अधिकार. ‘संघाची माहिती आहे, विचारात घ्यावे’ एवढ्याने काम होतं. तुमच्या सहायक तुमच्याच हाताखाली खेळून मोठ्या झालेल्या असतील तर मुलींच्या दृष्टीने त्यांच्याइतकं सोपं दुसरं कोणी नाही, पण ते तोंडी सांगा, अध्यक्षांना, चहा घेताना.

अनुभवपत्र आत्ताच मागा. नाशिकला एखाद्या मंडळात किंवा शाळेत उभं राहायचं तर ते लागेल, आणि समिती बदलली की तुम्हाला ओळखणारा माणूस सापडत नाही. त्यात कालावधी, वयोगट आणि मुलींच्या संघाची जबाबदारी हे तीनही आलं पाहिजे. ‘उत्तम काम केले’ एवढंच लिहून देतात, त्याचा पुढे फारसा उपयोग होत नाही.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर तारखेसह सही-शिक्का घेऊन पोच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला म्हणजे राजीनामा दिला असं पुष्कळजण समजतात. सभेत मग वाचायला कागदच नसतो.

तुम्ही कार्यकारिणीवरही असाल तर एक गोष्ट निराळी बघावी लागेल. प्रशिक्षकपद सोडल्याने समितीचं सदस्यत्व जात नाही, त्याला वेगळा राजीनामा लागतो. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल आणि तुमचं नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत असेल, तर मंडळाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ चा बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. तो अर्ज द्यायचं काम मंडळाचं, पण तुमचं पत्र वेगळं असेल तरच ते नीट होतं. समितीवर नसाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता ताबा यादी. माझ्या मते खरं काम इथे आहे, राजीनामा हे तिचं वरचं पान. यादीचे दोन भाग करा आणि ते कधीही एकत्र करू नका.

पहिला भाग सभेत वाचला तरी चालेल असा. जर्सी किती आणि कोणत्या नंबरच्या, मॅटचे बूट मंडळाचे किती, गुडघ्याचे पॅड, प्रथमोपचार पेटी, हॉलची आणि कपाटाची किल्ली. मुलींच्या जन्मदाखल्यांच्या प्रती, आधारच्या प्रती, नोंदणीचे फॉर्म. स्पर्धांच्या मूळ प्रमाणपत्रांकडे विशेष लक्ष द्या. दहावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि त्याला स्पर्धेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते प्रमाणपत्र प्रशिक्षकाच्या घरच्या फाइलमध्ये पडून राहिलं आणि प्रशिक्षक गाव सोडून गेला, तर फेब्रुवारीत पालकांची काय धावपळ होते ते मी पाहिलंय. मूळ प्रमाणपत्रं मंडळाकडे देऊच नका, थेट पालकांच्या हातात द्या आणि वहीत सही घ्या.

पैशाचंही तसंच. बहुतेक ठिकाणी किटचे, प्रवासाचे पैसे प्रशिक्षकाच्या गुगल पेवर येतात. कोणी किती दिले, कशावर खर्च झाले, शिल्लक किती, एवढा कागद करून शिल्लक खजिनदारांच्या नावे वळती करा आणि पावती घ्या. तुमचं मानधन बाकी असेल तर ते शिल्लक रकमेतून परस्पर कापू नका. हिशेब बरोबर असला तरी दिसायला वाईट दिसतं. मानधनाची मागणी वेगळ्या चिठ्ठीवर द्या.

दुसरा भाग फक्त नवीन प्रशिक्षकासाठी. एका मुलीला एक पान. उदाहरण म्हणून एक पान कसं दिसेल ते सांगतो. जर्सी नंबर ४, डावा कोपरा. सोळा वर्षं कधी पूर्ण होणार ती तारीख. वजन जूनमध्ये ५२, ऑक्टोबरमध्ये ५४. उजवा घोटा ऑगस्टमध्ये मुरगळला होता, डॉक्टरांनी खेळायला सांगितलंय, पण टेपिंग केल्याशिवाय मॅटवर उतरवू नये. घोटा पकड चांगली, मात्र चढाईपटूने बोनसचं आमिष दाखवलं की वेळेआधी सुटते. कव्हरची साखळी सोबत असली की थांबते. बचावात तीन जणी उरल्या की बाकीच्या घाबरतात, ही सुपर टॅकलसाठी स्वतःहून पुढे येते. सराव संपल्यावर मावशी न्यायला येते, मावशी आली नाही तर आईला फोन, एकटीला रिक्षात बसवायचं नाही.

या पानातल्या दोन ओळी अशा आहेत की त्या राहिल्या तर नुकसान होतं. एक वजनाची. किशोरी गटाला ५५ किलोची मर्यादा आहे. चार महिन्यांत दोन किलो वाढलेली, उंची वाढत असलेली मुलगी डिसेंबरच्या चाचणीत काट्यावर ५५ च्या वर जाण्याची शक्यता भरपूर. नवीन प्रशिक्षकाला हे माहीत नसेल तर त्याला चाचणीच्या सकाळीच कळेल, आणि मग जे चालतं ते तुम्हाला माहीत आहे: पाणी तोडणं, उपाशी ठेवणं, जॅकेट घालून पळवणं. वाढत्या वयाच्या मुलीला हे करायला लावू नये. तुम्हाला आज दिसतंय की कोण कडेवर आहे. त्या मुलींच्या पानावर स्पष्ट लिहा की वजन उतरवायचं नाही, काटा वर गेला तर त्यावरच्या कुमारी गटात खेळवावं. कुमारी गटात तिला कदाचित राखीव बसावं लागेल. ते पालकांना आणि तिला तुम्हीच सांगून ठेवा, तुमच्या तोंडून ते पचेल.

दुसरी ओळ घरी जाण्याची. रात्री साडेआठला सराव सुटतो तेव्हा कोण कोणासोबत जाते, कोणाला स्टेशनपर्यंत सोबत लागते, कोणाच्या घरातल्या कोणत्या नातेवाइकाच्या हाती मुलगी द्यायची नाही असं आईने सांगितलंय, हे सगळं सहा वर्षांत तुमच्या डोक्यात साठलंय आणि कुठेही लिहिलेलं नाही. मुलींचे पालक मंडळावर विश्वास ठेवतात ते तुमच्यामुळे. नवीन माणूस पुरुष असेल तर सरावाला आणि बाहेरगावच्या स्पर्धेला महिला व्यवस्थापक कोण, हे नाव ३० तारखेच्या आत ठरवून घ्या, नाहीतर चार मुली डिसेंबरात घरीच बसतील.

ही पानं पालकांना विचारून करा आणि हातात द्या. ग्रुपवर टाकू नका, पीडीएफ करून समितीला पाठवू नका. वजनाचा आकडा आणि घरचा मामला सभेत वाचायची गोष्ट नव्हे.

सांगायचा क्रम. हे सगळं एका दिवसात आटपा, म्हणजे बातमी तुमच्या पुढे धावणार नाही. दुपारी सरचिटणीसांना पत्र द्या आणि सहायकाला सांगा. संध्याकाळी सराव पूर्ण झाल्यावर, मुली पाणी पिऊन बसल्या की, स्वतः सांगा. सराव सुरू व्हायच्या आधी सांगितलंत तर तो सराव गेलाच, शिवाय रडत-रडत पकडीला गेलेली मुलगी दुखापत करून घेते. मुलींना तीन गोष्टी कळल्या की पुरे: मॅडम का जातायत, शेवटचा दिवस कोणता, आणि त्यानंतर सराव कोण घेणार. तिसऱ्याचं उत्तर तोवर नसेल तर ‘समिती १५ तारखेपर्यंत सांगेल’ असं सांगा, नाव अंदाजाने घेऊ नका. एखादी विचारेलच, ‘मॅडम, चाचणीला तरी याल ना?’ तेव्हा ‘बघते’ म्हणू नका. नाही म्हणा आणि त्या दिवशी फोनवर निकाल विचारेन म्हणा.

मुली घरी पोचायच्या आत पालकांच्या ग्रुपवर हे टाका:

‘नमस्कार. माझी नाशिकला बदली झाली आहे. २२ नोव्हेंबरला मी शेवटचा सराव घेईन. मंडळाला आज पत्र दिले आहे. पुढील प्रशिक्षकांचे नाव मंडळ कळवेल आणि शेवटच्या आठवड्यात सर्व पालकांशी त्यांची भेट घडवून देईन. प्रमाणपत्रे आणि मुलींची माहिती याबाबत मी प्रत्येकाला स्वतंत्र फोन करेन. कृपया प्रश्न ग्रुपवर न विचारता मला फोनवर विचारावेत.’

शेवटची ओळ टाकली नाही तर ग्रुपवर दोनशे मेसेज होतात आणि त्यातला एखादा ‘समितीनेच घालवलं असणार’ असा असतो.

पालकभेट शेवटच्या आठवड्यात मैदानावरच ठेवा, नवीन प्रशिक्षकाला शेजारी उभं करून. तुम्ही पाच मिनिटं बोला, मग त्यांना बोलू द्या आणि तुम्ही गप्प बसा. पालक प्रश्न तुमच्याकडे बघून विचारतील. तुम्ही मान नवीन माणसाकडे वळवा.

३० तारखेला ग्रुपची अ‍ॅडमिनशिप नवीन प्रशिक्षकाला द्या आणि १ तारखेला ग्रुपमधून बाहेर पडा. कोणा मुलीने नाशिकला फोन केला तर जरूर बोला, अभ्यासाचं, घरचं, काहीही. ‘नवीन सर मला कव्हरला खेळवतात, मी कोपऱ्याची आहे ना?’ असं विचारलं तर ते सरांनाच विचार, असं सांगा.